तिची सकाळ, माझी दुपार

ड्यूटीची अदलाबदल करायची तर मेसेज कसा लिहायचा, याचा आमच्या ऑपरेशन थिएटरात एक नेम होता. कुणाची कुठली ड्यूटी, तिच्या बदल्यात कुठली, आणि इन्चार्ज सिस्टरना विचारलंय की नाही, एवढं त्यात स्वच्छ असायला हवं. तोंडी काही चालायचं नाही. याला कारण झालं होतं. एकदा दोघींनी कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता बोलून टाकलं, एकीला वाटलं या आठवड्यात, दुसरीला वाटलं पुढच्या, आणि सकाळी सर्जन हात धुऊन उभे, तर शेजारी सिस्टरच नाही. इन्चार्ज सिस्टर धारवाडकडच्या, मराठी समजायचं पण बोलायच्या कन्नडच, आणि त्या दिवशी जे बोलल्या ते कन्नड न येणाऱ्यालाही समजलं असतं. तेव्हापासून मेसेज आला की आधी त्यांना दाखवायचा, त्या "आयतु", म्हणजे 'झालं', म्हणाल्या की ठरलं, मग त्या स्वतःच्या हाताने भिंतीवरच्या ड्यूटी लिस्टमध्ये नावं खोडून बदलायच्या. एकदा त्यांचं पेन फिरलं की देवाच्या बापालाही ते बदलता यायचं नाही.

आक्काने मला पाठवलेला मेसेज अगदी नेमाप्रमाणे होता. "गुरुवारची माझी सकाळ तू कर. त्याच दिवशीची तुझी दुपार मी करतो. इन्चार्ज सिस्टरला विचारलंय, आयतु म्हणाल्या. जमत नसंल तर सरळ न्हाय म्हण, रुसणार न्हाय." तिच्या बाजूला बायकासुद्धा 'करतो, येतो' असंच म्हणतात, आणि आक्का लिहायचीही तशीच.

आक्का म्हणजे आमच्या थिएटरातली सगळ्यांत जुनी सिस्टर. निपाणीच्या पलीकडचं तिचं गाव. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगा. त्याला निपाणीला भावाकडे शिकायला ठेवून ती बेळगावात नोकरीला आली आणि वडगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खोली घेऊन राहिली. मी वडगावचीच, विणकराच्या घरातली. माग चालू असले की आमच्या घरात ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे माझा आवाज मोठा आणि तोंडही मोठं. थिएटरात मला हळू बोलायला शिकवलं ते आक्काने. "अगं, पेशंटला भूल दिल्याली हाय, तुला न्हाय," असं म्हणायची.

मुलाचं लहानपण तिने ड्यूटी लिस्टवर काढलं. रविवारची सुट्टी मिळाली की निपाणीची एसटी पकडायची, पोराला न्हाऊमाखू घालायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. कितीदा रविवारची सुट्टी मिळायचीच नाही. तो मोठा झाला, मिलिटरीत भरती झाला, आणि मग सुट्टी मिळायची पंचाईत त्याच्या बाजूने सुरू झाली. दोघांच्या रजा कधी जुळायच्या नाहीत. ती म्हणायची, "ह्येला म्हणत्यात रगात. आईवर गेलंय पोरगं, त्येच्या बी नशिबात ड्यूटी लिस्टच." हसत म्हणायची, पण मला ते हसू आवडायचं नाही.

त्या गुरुवारची हकीकत अशी होती. मुलाची नेमणूक वर पहाडात झाली होती. बंगळूरहून त्याची तुकडी रेल्वेने निघणार होती आणि ती गाडी बेळगाववरून जाणार होती. स्टेशनवर जेमतेम पाच मिनिटं थांबायची. उतरून घरी येणं शक्य नव्हतं. वर्षापेक्षा जास्त दिवस झाले होते तिने त्याला डोळ्यांनी बघून. फोनवर रोज बोलायची, व्हिडिओवर तोंडही दिसायचं, पण ती म्हणायची, "त्या काचंतनं वास येतोय व्हय पोराचा?" गाडी सकाळी अकराच्या सुमाराला येणार होती आणि आक्काची नेमकी सकाळची ड्यूटी होती.

मी तिला म्हणाले, "सुट्टीच टाक की सबंध दिवसाची. अदलाबदल कशाला करतीस?"

"रजा न्हाय मोडायची," ती म्हणाली. "समदी साठवून ठेवल्या. दिवाळीला त्यो महिनाभर येणार हाय. तवा मी बी महिनाभर घरात बसणार. त्येला बघून घ्यायची हाय पोरगी, रंग द्यायचा हाय गावच्या घराला. एक दिस बी कमी करणार न्हाय मी त्यातला."

मी "चालतंय" असं लिहून पाठवलं. बदल्यात दुपार देऊ नकोस, दुपारीही मीच थांबते, असं मी तोंडाने म्हणालेही होते. पण तसं घेतलं तर ती आक्का कसली. फुकटचं कुणाचं काही अंगावर ठेवायचं नाही हा तिचा स्वभाव. शिवाय अकराला गाडी, पाच मिनिटांची भेट, दुपारी दोनला ड्यूटीवर. मध्ये घरी जाऊन जेवून झोपायलासुद्धा वेळ होता. आम्हाला दोघींनाही त्यात काही चूक दिसली नाही.

गुरुवारी मी सकाळची ड्यूटी करत होते आणि आक्का स्टेशनवर जाऊन बसली होती. तिने पहाटे उठून शेंगापोळ्या केल्या होत्या. शिवाय लसणाची चटणी, तूप, आणि त्याच्या तुकडीतल्या पोरांसाठी वेगळा डबा. अकरा वाजले, बारा वाजले. मधल्या वेळात मी तिला फोन केला तर म्हणाली, "लोंढ्याच्या पलीकडं थांबल्या म्हणं गाडी. म्होरं मालगाडीचं इंजिन बंद पडलंय." मुलाचाही तिला फोन आला होता, आई तू घरी जा, गाडीचं काही खरं नाही. ती कशाला जाते! शेवटी दीड वाजता, गाडी अजून हलायचं नाव घेत नाही म्हटल्यावर, डबे घेऊन ती रिक्षाने सरळ हॉस्पिटलला आली, कारण दोन वाजता तिची ड्यूटी सुरू होत होती. म्हणजे माझी ड्यूटी. त्या दिवसापुरती तिची.

मी इन्चार्ज सिस्टरकडे गेले. म्हटलं, आजचं परत फिरवूया, सकाळचं झालं ते झालं, दुपार मीच करते. त्या वाईट नव्हत्या. लिस्टकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, नाव आता नाही बदलणार, पण गाडी येईल तेव्हा आक्काला अर्ध्या तासासाठी सोडते, तेवढा वेळ तू थांब. एवढं त्यांच्याकडून मिळालं हेच खूप होतं. मी आनंदाने आक्काला सांगायला गेले. ती कपडे बदलून, टोपी घालून तयारच होती. फोनमध्ये गाडी कुठे आहे ते मीच बघत होते. गाडी कशीबशी लोंढ्याला पोचली होती. चारच्या आत येत नव्हती.

अडीच वाजता काकतीकडून एक बाई आली. पहिलटकरीण, बाळ अडलेलं, ठोके कमी येत होते. ताबडतोब सिझेरियन करायचं ठरलं.

मी म्हणाले, "आक्का, मी उभी राहते ह्या केसला."

ती मला बघून म्हणाली, "सकाळधरनं तीन केसा केल्यास. पाय बघ तुझं. तू बस, चहा पी. तास-पाऊण तासाचं काम हाय, साडेतीनला मोकळी हुतो मी."

आणि ती हात धुवायला गेली. मला आजही तो नळाचा आवाज ऐकू येतो. मी तिला ढकलून आत जायला हवं होतं वगैरे मी पुढे पुष्कळदा स्वतःला सांगून बघितलं, पण ते खरं नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं. सिझेरियन एवढ्या वेळातच होतं. आम्ही शेकड्यांनी केली होती.

इथे आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. सर्जनच्या शेजारी जी सिस्टर हात धुऊन उभी राहते, ती पोट उघडण्याआधी सगळी हत्यारं आणि रक्त टिपायचे कापडी मॉप मोजून घेते. पोट शिवायच्या आधी पुन्हा मोजते. हिशोब जुळल्याशिवाय टाका घालायला देत नाही. आमच्याकडे रिवाज असा की जिनं मोजून घेतलं तिनंच मोजून द्यायचं. अगदीच अडचण झाली तर मधे सिस्टर बदलता येते, पण तेव्हा सगळं थांबवून दोघींनी मिळून पुन्हा मोजायचं असतं. शांत केसमध्ये ते होतं. रक्त वाहत असताना होत नाही.

बाळ निघालं, रडलं. मुलगी होती. मी दाराच्या काचेतून बघितलं आणि मला बरं वाटलं. मग आत सगळ्यांच्या हालचाली एकदम बदलल्या. गर्भाची पिशवी आवळत नव्हती. रक्त थांबत नव्हतं. भूलतज्ज्ञ मोठ्याने काहीतरी मागत होते, डॉक्टर दोन्ही हातांनी पिशवी दाबून धरत होत्या आणि आक्का एकामागून एक मॉप देत होती. मला आतून हाक आली, रक्तपेढीत पळ. मी पळाले. रक्ताच्या पिशव्या घेऊन आले, पुन्हा पळाले. मधे जिन्यात उभी राहून फोन बघितला. गाडी येत होती. इतका वेळ रखडलेली ती मेली गाडी आता कधी नव्हे ती धावत येत होती.

मी मास्क लावून आत गेले आणि आक्काच्या मागे उभी राहिले. तिला शिवता येत नव्हतं, ती निर्जंतुक, मी नाही. म्हटलं, "आक्का, गाडी देसूरला आली, आता पुढचं बेळगावच."

ती वळली नाही. हात चालूच होते. डॉक्टरांनी हे ऐकलं. त्यांनाही मुलाचं माहीत होतं, सगळ्या थिएटरला माहीत होतं. त्या पेशंटवरून नजर न काढता म्हणाल्या, "सिस्टर..." आणि पुन्हा हात पिशवीवर घट्ट दाबले. काय बोलणार? जा म्हणण्यासारखं नव्हतंच. आत किती मॉप गेलेत हे त्या घडीला फक्त आक्काच्या डोक्यात होतं.

"तू जा," आक्का म्हणाली. "माज्या लॉकरची चावी चपलीत हाय. डबं घे. तपकिरी पिशवीतला त्येचा. दुसरा पोरांचा."

"आक्का, मी हात धुऊन येते, तू..."

"बाई चाललीय गं माझ्या हातातनं," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "जा म्हणतोय न्हवं. स्कूटर हळू चालीव."

मी स्कूटर कशी चालवली ते मला ठाऊक नाही. हळू तर नक्कीच नाही. गोगटे सर्कलला गर्दी होती, एका रिक्षावाल्याला मी असं काही बोलले की माझी आई ऐकती तर तिने मला घरात घेतलं नसतं. स्टेशनवर पोचले तेव्हा गाडी लागलेली होती. गाडीच्या डब्याचा नंबर मला आक्काने आधीच सांगून ठेवला होता, म्हणून शोधावं लागलं नाही. मिलिटरीच्या पोरांचा घोळका दारात उभा होता. त्यातला एक खाली प्लॅटफॉर्मवर उतरून पुलाच्या जिन्याकडे बघत होता. कुणी सांगायला नको होतं. आक्काचं नाक जसंच्या तसं उचलून त्याच्या तोंडावर बसवलेलं.

मी डबे पुढे केले. धापेमुळे मला बोलता येईना. हॉस्पिटलचे हिरवे कपडे तसेच अंगावर होते. त्याने कपडे बघितले आणि त्याचं तोंड उतरलं.

"आईला काय झालं?" त्याने विचारलं.

"काय झालं न्हाय, काय झालं न्हाय. केसला उभी आहे. बाई अडलीय, रक्त थांबत न्हाय. येतच होती. शेवटपर्यंत येणार होती. मला पाठवलं."

त्याने डबे घेतले आणि दारातल्या पोरांकडे दिले. मग म्हणाला, "व्हय. असणारच." रागाने नाही म्हणाला. तुम्ही एखाद्या माणसाला पुरतं ओळखत असाल तर जसं म्हणाल तसं म्हणाला. लहानपणी निपाणीच्या स्टँडवर किती रविवार हे पोर असं उभं राहिलं असेल, ते मला त्या दोन शब्दांत समजलं.

मी फोन काढून थिएटरच्या बाहेरच्या टेबलावर लावला. कुणी उचलला नाही. सगळे आतच होते. म्हटलं निदान फोटो काढते. तो उभा राहिला. मी काढला. गार्डची शिट्टी झाली. त्याने एकदम वाकून माझ्या पायाला हात लावला. "मावशी, ह्यो नमस्कार आईला," म्हणाला. मी त्याच्याहून फार तर दहा वर्षांनी मोठी, पण तेव्हा मला ते काही वाटलं नाही. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आक्का ठेवेल तसाच ठेवायचा प्रयत्न केला. केस अगदी बारीक कापलेले होते, तळहाताला टोचले. गाडी हलली, पोरांनी त्याला वर ओढून घेतलं. तो दारातून ओरडला, "दिवाळीला येतोच म्हणावं! रजा ठिव म्हणावं!"

परत आले तेव्हा केस संपत आली होती. रक्त थांबलं होतं. आक्का मोजत होती आणि हिशोब जुळला. मग टाके घातले गेले, ती बाहेर आली, गाऊन उतरवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी सगळं सांगितलं. तिने फोटो मागितला. फोटोत त्याचा चेहरा समोर नव्हताच. मी बटण दाबलं त्या क्षणी त्याने मान वळवून जिन्याकडे बघितलं होतं. अजूनही वाट बघत होता.

"बारीक झालाय," एवढंच ती म्हणाली. मग पुढच्या केसची हत्यारं लावायला गेली, कारण दुपार तिची होती.

दिवाळीच्या तोंडावरच ते झालं. पहाडात पावसाने रस्ता खचला आणि त्यांची गाडी दरीत गेली. त्यात तो होता. मी सविस्तर लिहीत नाही, मला लिहवत नाही. निपाणीहून तिच्या भावाचा फोन हॉस्पिटलवर आला तेव्हा आक्का थिएटरात होती. तिला केस संपेपर्यंत सांगायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं. काचेपलीकडे ती मॉप मोजत होती आणि काचेअलीकडे आम्ही सगळ्या रडत उभ्या होतो. इन्चार्ज सिस्टर स्वतः तिला घ्यायला आत गेल्या.

साठवलेली सगळी रजा तिने त्यात घेतली. लिस्टवर तिच्या नावापुढे महिनाभर 'रजा' असं लिहिलेलं होतं. ज्या महिन्यासाठी तिने ती ठेवली होती, तोच महिना. मी रोज ते बघायची आणि मला ती भिंत फोडावीशी वाटायची. मला त्या काकतीच्या बाईचा राग यायचा, तिच्या पोरीचाही यायचा. त्या तान्ह्या जिवाने माझं काय वाकडं केलं होतं? पण यायचा. मालगाडीच्या इंजिनाचा, रेल्वेचा, आमच्या त्या नेमाचा, सगळ्यांचा यायचा. आक्काला मात्र कुणाचाच आला नाही. मी गावाला तिला भेटायला गेले तर म्हणाली, "बाळंतीण बरी हाय न्हवं? पोरीनं बाळसं धरलं?"

कामावर परत आल्यावर ती बोलेनाशी झाली असं नाही. काम तसंच, हात तसेच. फक्त दुपारी हत्यारांचे डबे भरायला आम्ही दोघीच बसलो की ती म्हणायची, "सांग." एवढंच. मग मी सांगायची. तो कुठे उभा होता. शर्टाची बाही कशी वर सरकवलेली होती. डबा हातात घेतला तेव्हा कसा घेतला. शेंगापोळीचा वास घेतला का? घेतला. जेवला असंल न्हवं? जेवलाच असणार. पाच मिनिटांचं किती दिवस सांगत राहणार? माझ्याजवळचं सगळं संपलं. मग मी थोडंथोडं पदरचं घालायला लागले. एकदा म्हणाले की तो हसला होता, आणि तुझ्यासारखाच हसतो म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं. तिला समजलं होतं की हे मी आज नवीनच आणलंय. "व्हय, हसतोय तसाच," ती म्हणाली आणि मला पुढे सांगू दिलं.

एक दिवस तिने विचारलं, "डोस्क्यावर हात ठिवलास न्हवं?"

"ठेवला."

"कुठला?"

मला खरोखर आठवत नव्हतं. मी उजवा पुढे केला. तिने तो दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून बसली. माझ्या हाताला स्पिरिटचा वास होता, दुसरं काही नव्हतं. मला त्या वेळी मरून जावंसं वाटलं. तिच्या आयुष्यातली ती पाच मिनिटं माझ्याकडे होती आणि ती तिला देता येत नव्हती. देण्यासारखी ती वस्तूच नव्हती.

त्यानंतर आक्काने कधी कुणाशी अदलाबदल केली नाही. कुणी मागितली तर "माझं न्हाय जमत" म्हणायची, आणि नव्या पोरी तिला खडूस म्हणायच्या. मी एकदोघींना त्यावरून झाडलंही.

यंदा माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आई भित्री. मागाच्या खटखटाटात जन्म गेला, पण डॉक्टरने बॅटरी काढली तरी घाबरते. मी शेजारी बसेन तरच जाते म्हणून बसली. माझी सकाळची ड्यूटी होती, बाकी सगळ्यांच्या काही ना काही अडचणी होत्या, माझी रजा संपलेली होती. नाइलाजाने मी आक्काला मेसेज केला. नेमाप्रमाणे लिहिला. "बुधवारची माझी सकाळ तू करशील का? बदल्यात त्याच दिवशीची तुझी दुपार मी करते. इन्चार्ज सिस्टरना विचारलंय, हो म्हणाल्यात." पाठवल्यावर वाटलं, काय केलं मी हे! पुसून टाकणार तेवढ्यात तिने वाचलेला दिसला.

थोड्या वेळाने तिने फोनच केला. "दुपार कशाला करतीस तू?"

"अगं, आईचं दहाला आहे. बारापर्यंत होतंय. दोनला येते मी."

"थेटरात काम करतीस आणि हे मला सांगतीस? दहाचं ऑपरेशन कवा दहाला हुतंय गं?" ती म्हणाली. "लिस्ट म्होरं जाती, डॉक्टर उशिरा येत्यात, म्हातारीचं बीपी चढतंय. कुणाला काय ठाऊक? तू परत काय बी द्यायचं न्हाय. सकाळ बी मी करतो, दुपार बी मी करतो. आत्ताच विचारलंय सिस्टरला."

"काय म्हणाल्या?"

"पयलं न्हाय म्हणाल्या. मग माझ्याकडं बघितलं आणि आयतु म्हणाल्या."

बारा तास उभं राहायचं म्हणजे तिच्या वयाला काय असतं ते मला माहीत होतं. नको म्हणायला मी तोंड उघडलं, पण तिने फोन ठेवून दिला.

आईचा नंबर दुपारी तीनला लागला. बीपी खरंच चढलं होतं. आत नेईपर्यंत ती माझं बोट सोडेना.

संध्याकाळी आईला घरी पोचवून मी हॉस्पिटलला गेले. आक्का कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली होती. पाय सुजून टम्म झाले होते, चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. मी तिच्या पायाशी बसले.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. उद्या पट्टी काढायची."

"आत नेली तवा जवळ हुतीस न्हवं? शेवटपत्तूर?"

"होते, आक्का."

"बघितलं न्हवं तिनं तुला?"

"बघितलं."

"मग झालं," ती म्हणाली, आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू तिला आलं. मी तिला धरून बसले.